बारस कधी सोडायची? – एकादशीच्या पारण्याचा थोडा इतिहास



आपल्या दिंडीत शंभर वर्षांत दर पंधरवड्याला एक प्रश्न हमखास विचारला गेला आहे. एकादशी धरायची कधी, याबद्दल फारसा घोळ होत नाही, कारण ती तारीख कॅलेंडरवर ठळक छापलेली असते. प्रश्न येतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. "महाराज, उपास किती वाजता सोडू?" कुणी म्हणतो, आंघोळ करून देवाला नैवेद्य दाखवला की सोडावा. कुणी म्हणतो, नऊच्या आत. कुणाच्या सुनेच्या मोबाईलवर दुपारी दीडची वेळ आलेली असते. आणि अधूनमधून असेही होते की शेजारच्या घरी पारण्याची पंगत बसलेली असते आणि आपली एकादशी त्याच दिवशी चालू असते.

शताब्दीच्या या अंकात या प्रश्नाचा नीट उलगडा करावा, असे जुन्याजाणत्या मंडळींनी सुचवले. म्हणून पोथीत काय आहे, पंचांगात काय असते आणि मुंबईच्या उपनगरांत राहून ते कसे पाळायचे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की तिथी म्हणजे तारीख नव्हे. तारीख रात्री बाराला बदलते. तिथी बदलते ती चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की. चंद्राची चाल सारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ असला की भरभर चालतो, लांब असला की रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत संपते, तर एखादी सव्वीस तासांच्याही पुढे जाते. ती सकाळी लागेल, दुपारी लागेल, मध्यरात्रीही लागेल. घरातले घड्याळ आणि आकाशातला चंद्र यांचा मेळ घालायचा म्हणून आपल्याकडे सूर्योदय ही खूण धरली जाते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी.

एकादशीचा उपास सोडायचा तो द्वादशीत. नुसते दुसऱ्या दिवशी नव्हे, तर द्वादशी ही तिथी चालू असताना. उपास धरणे हा व्रताचा अर्धा भाग आणि वेळेत सोडणे हा दुसरा अर्धा, असे शास्त्र मानते. द्वादशी निघून गेली आणि आपण अजून उपाशीच असलो, तर उपास जास्त झाला असे होत नाही, पारणे चुकले असे होते.

हे किती कसोशीचे आहे ते भागवताच्या नवव्या स्कंधातल्या अंबरीष राजाच्या कथेत दिसते. आपल्या कीर्तनांतून ही कथा सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण बहुतेकांच्या लक्षात राहते ते सुदर्शन चक्र. कथेचा खरा पेच मात्र वेळेचा आहे. राजाने वर्षभराचे द्वादशीव्रत केले होते. कार्तिकात मधुवनात तो पारण्याला बसणार, इतक्यात दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. राजाने जेवायचे आमंत्रण दिले, ऋषी यमुनेवर स्नानाला गेले आणि तिकडेच ध्यानात रमले. इकडे द्वादशी संपायला अर्धा मुहूर्त उरला. मुहूर्त म्हणजे दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. अर्धा मुहूर्त म्हणजे चोवीस मिनिटे. अतिथीच्या आधी जेवावे तर अधर्म. न जेवावे तर द्वादशी टळते आणि व्रत बुडते. राजाने ब्राह्मणांना विचारले आणि नुसते पाणी प्यायला. पाणी पिणे म्हणजे खाल्ल्यासारखेही आहे आणि न खाल्ल्यासारखेही आहे, हा त्यातला न्याय. पुढे दुर्वास कोपले, चक्र त्यांच्या पाठीशी लागले, ते वर्षभर पळत राहिले आणि परत येऊन ते जेवेपर्यंत राजाही जेवला नाही. व्रत पाण्याच्या घोटाने पूर्ण झाले होते, जेवण मात्र अतिथीसाठी थांबले होते. पारणे आणि पंगत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कथेतून आपण घ्यायचे. शहरात राहणाऱ्या वारकऱ्याला याचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

या सगळ्या नियमांची एकत्र मांडणी आपल्या जवळच, खुद्द पंढरीत झाली आहे. कोकणातल्या गोळवलीच्या घराण्यातले काशीनाथ उपाध्याय, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणत, ते पंढरपुरात राहत. त्यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' हा ग्रंथ पुरा केला. त्याआधी काशीच्या कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' होताच, पण तो पंडितांसाठी. धर्मसिंधूत वाद कमी आणि निर्णय जास्त, म्हणून महाराष्ट्रातल्या जोशी-उपाध्यायांच्या घरोघरी तो पोचला. आजही आपले पंचांगकर्ते अडले की त्याच्याकडे वळतात.

धर्मसिंधूतला पारण्याचा विचार साध्या भाषेत सांगायचा तर त्यात तीन गोष्टी आहेत. द्वादशीचा पहिला चौथा भाग वगळायचा. त्याला हरिवासर म्हणतात. तो एकादशीचाच शेपटीसारखा भाग मानतात, म्हणून त्यात खायचे नाही. द्वादशी भरपूर असेल तर सकाळच्या पहिल्या तीन मुहूर्तांत पारणे करणे चांगले. दिवसाचे पाच सारखे भाग केले तर त्यातला पहिला भाग, तो हा प्रातःकाल. आणि सूर्योदयानंतर द्वादशी अगदी थोडी उरली असेल तर स्नान, पूजा, दुपारपर्यंतची नित्यकर्मे पहाटे रात्र असतानाच उरकून घ्यायची आणि द्वादशी संपायच्या आत पारणे करायचे. तेही जमण्यासारखे नसेल तर तीर्थाच्या पाण्याने करायचे. अंबरीषाचा दाखला इथे कामाला येतो. तुळशीचे पान घातलेला नैवेद्य घेऊन पारणे करावे, हेही तिथे आहे, आणि आपल्या घरी ते सगळे करतातच.

म्हणजे पारण्याची वेळ हे एक दार आहे, असे समजा. ते उघडते कधी? सूर्योदय आणि हरिवासराचा शेवट, या दोहोंत जे उशिरा होईल तेव्हा. बंद होते कधी? द्वादशी संपली की.

आता हे सगळे एका खऱ्या दिवसावर लावून पाहू. २०२१ ची कार्तिकी एकादशी आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. आदल्या वर्षी कोरोनामुळे वारी झाली नव्हती, आणि त्या वर्षी वारीला परवानगी मिळाली तर एसटीचा संप. उपनगरातली बरीच मंडळी घरीच राहिली. त्यात कॅलेंडरवर दोन एकादशा. रविवार १४ नोव्हेंबरला स्मार्त आणि सोमवार १५ नोव्हेंबरला भागवत. "रविवारी सुट्टी आहे, तीच धरू का?" असे विचारणारे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत होते.

दोन एकादशा का आल्या? त्या वेळी एकादशी लागली रविवारी पहाटे ५ वाजून ४८ मिनिटांनी. मुंबईत सूर्योदय होता पावणेसातला. सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून स्मार्तांची एकादशी रविवारची. वैष्णवांचा नियम मात्र अधिक कडक आहे. सूर्योदयाच्या आधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर त्या एकादशीला दशमीचा वेध लागला असे म्हणतात, आणि ती सोडून दुसऱ्या दिवशी उपास करतात. रविवारी अरुणोदय झाला ५ वाजून ९ मिनिटांच्या सुमारास. एकादशी लागायला तेव्हा अजून ३९ मिनिटे होती, म्हणजे दशमीच होती. वेध लागला, म्हणून भागवत एकादशी सोमवारी. वारकरी भागवत एकादशी करतात. पंढरपुरातली शासकीय महापूजाही सोमवारी पहाटेच झाली.

इथे कुणी हुशार माणूस विचारेल की, सोमवारी एकादशी तर सकाळी ६ वाजून ३९ मिनिटांनी संपली. मुंबईत सूर्य उगवला तेव्हा द्वादशी लागून सहा-सात मिनिटे झाली होती. मग सोमवारी आपण उपास केला तो कशाचा? शंका रास्त आहे. उत्तर असे की वेधाची एकादशी सोडली तर उपास द्वादशीला जातो, हे वैष्णवांना मान्यच आहे. अंबरीषाच्या व्रताचे नावसुद्धा भागवतात द्वादशीव्रत असेच आहे. दशमीचा स्पर्श टाळायचा, हा त्यात मुद्दा. दिवस कोरा मिळावा म्हणून तिथीचा आरंभ सोडून द्यायचा.

आता पारणे पाहा. द्वादशी सोमवारी ६.३९ ला लागली आणि मंगळवारी १६ तारखेला सकाळी ८ वाजून १ मिनिटाने संपली. एकूण २५ तास २२ मिनिटे. तिचा चौथा भाग साधारण ६ तास २० मिनिटे. म्हणजे हरिवासर संपला सोमवारी दुपारी एकच्या सुमारास. ज्या स्मार्त घरांनी रविवारी उपास केला त्यांना सोमवारी सकाळी पारणे करता येत नव्हते, दुपारी एक वाजेपर्यंत थांबायचे होते. त्याच दिवशी आपली एकादशी चालू होती. शेजारच्या घरी दुपारी पाने मांडलेली आणि आपल्याकडे साबुदाणा भिजलेला, याचे कारण हे. कुणाचेच चुकले नव्हते. एकाच तिथीला दोन नियम लावले होते, इतकेच.

आपले दार उघडले ते मंगळवारी. हरिवासर तर आदल्या दिवशीच संपला होता, म्हणून फक्त सूर्योदयाची वाट पाहायची. मुंबईत सूर्योदय ६.४६ ला, द्वादशी संपणार ८.०१ ला. मध्ये सव्वा तास. जुन्या हिशेबाने तीन घटकांहून थोडे जास्त.

खेड्यात सव्वा तास पुष्कळ झाला. काकडा करून, अंगण सारवून, चुलीवर भात शिजवून माणूस त्यात जेवूनही घेईल. उपनगरातला मंगळवार मात्र तसा नसतो. बोरिवलीहून सहाची लोकल पकडणारा माणूस सूर्योदयाच्या वेळी गाडीत असतो. तो निघतो तेव्हा दार उघडलेले नसते आणि कामावर पोचून डबा उघडतो तेव्हा दार केव्हाच बंद झालेले असते. घाटकोपरला रात्रपाळी करून परतणाऱ्याची गत वेगळी. तो घरी येतो, आंघोळ करतो, जरा आडवा होतो आणि उठेपर्यंत त्रयोदशी लागलेली असते.

अशा माणसाने काय करायचे? अंबरीषाने केले तेच. आदल्या रात्री तीर्थाची छोटी बाटली आणि तुळशीचे पान जवळ ठेवायचे. सूर्योदय झाला की, गाडीत असो नाहीतर फलाटावर, विठ्ठलाचे नाव घेऊन ते घ्यायचे. पारणे झाले. जेवण मग दुपारी डब्यातले असो की संध्याकाळी घरचे, व्रताला बाध नाही. द्वादशीला दोनदा जेवू नये असे शास्त्र म्हणते, पण पाण्याचा घोट म्हणजे जेवण नव्हे, म्हणून तोही दोष लागत नाही. दिंडीच्या पंगतीलाही हाच नियम पुरतो. जागर संपून काकडा झाला, खिरापत वाटली, की सगळ्यांचे पारणे झाले. भातवरणाची पंगत बारा वाजता बसली तरी चालते. जुन्या मंडळींनी खिरापतीचा कण घेतल्याशिवाय कुणाला मंडपाबाहेर जाऊ द्यायचे नाही असा रिवाज ठेवला, त्यात हाच हिशेब आहे. मात्र त्या दिवशी खिरापत सूर्योदयानंतरच वाटायची, आधी नाही.

काही वेळा द्वादशी मुळी सापडतच नाही, आणि मग पारणे त्रयोदशीत जाते. समजा एकादशी सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने संपली, आणि द्वादशी लहान, बावीस तासांची आहे. ती दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाच्या आधीच संपून जाईल. कोणत्याच सूर्योदयाला ती नसेल. अशा तिथीला क्षय तिथी म्हणतात. द्वादशी रात्री जागी होती, पण रात्री पारणे करायचे नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर, त्रयोदशी असली तरी, उपास सोडायचा. ते पारणे चुकलेले नव्हे. द्वादशी आहे आणि आपण आळस केला, हे वेगळे. द्वादशीच उरली नाही, हे वेगळे.

आणखी एक घोळ आहे तो मोबाईलवरच्या वेळांचा. २०२३ ची आषाढी २९ जूनला होती आणि पारणे ३० जूनला. हरिवासर संपत होता सकाळी ८.२० च्या सुमारास. दिल्लीत त्या दिवशी सूर्य साडेपाचच्याही आधी उगवला, त्यामुळे तिथला प्रातःकाल सव्वाआठच्या सुमारास संपला. सकाळची उत्तम वेळ गेली म्हणून तिथल्या पंचांगाने थेट दुपारी पावणेदोनच्या पुढची वेळ दिली. मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर उगवला, म्हणून आपला प्रातःकाल पावणेनऊच्या आसपास संपत होता. म्हणजे ८.२० ते पावणेनऊ अशी सकाळची वेळ मुंबईकराला मिळत होती. दिल्लीचा निरोप पुढे ढकलत राहिल्याने म्हातारी माणसे दुपारपर्यंत उगाच उपाशी राहिली. तिथी लागण्या-संपण्याची वेळ सगळ्या देशात एकच असते. सूर्योदय मात्र गावागणिक बदलतो. पंढरपुरातसुद्धा तो मुंबईच्या आधी होतो. वर सांगितलेल्या १६ नोव्हेंबरला पंढरीत पारण्याचे दार ६.३४ च्या सुमारास उघडले, आपल्याकडे बारा मिनिटांनी. बंद मात्र दोन्हीकडे एकाच क्षणी झाले.

हा घड्याळाचा गोंधळ आजचा नाही. आपल्या दिंडीच्या पहिल्या पिढीने तर तो फार मोठा भोगला. त्या काळी पंचांगात घटका-पळे असत, ती सूर्योदयापासून मोजायची. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. गावाकडे जोशीबुवा पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली वाटी बुडली की एक घटका झाली. मुंबईत आलेल्या माणसाला घड्याळ पाहायची सवय लागली, पण मुंबईत घड्याळे दोन. रेल्वे चालायची सरकारी प्रमाणवेळेवर, आणि शहरात नगरपालिकेची 'मुंबई वेळ' चालायची, ती त्याच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे. १९५५ पर्यंत हे असेच चालले. स्टेशनवर ६.४६ वाजलेले असताना मुंबई वेळेच्या घड्याळात ६ वाजून ७ मिनिटे झालेली असत. पारण्याला सव्वा तास असेल आणि कोणते घड्याळ धरायचे हेच ठरले नसेल, तर निम्मा वेळ त्यातच जायचा. अशा वेळी सूर्य उगवलेला पाहायचा आणि तिथून घटका मोजायच्या, हाच मार्ग खात्रीचा. १९७३ पासून कालनिर्णय घरोघर भिंतीवर आले, त्यात वेळ तास-मिनिटांत मिळू लागली आणि हे ओझे पुष्कळ उतरले.

तेव्हा माउली, दर एकादशीला पंचांगातून चार गोष्टी कागदावर उतरून घ्या. एकादशी लागते कधी, द्वादशी लागते कधी, द्वादशी संपते कधी आणि मुंबईचा सूर्योदय कधी. एकादशी लागण्याची वेळ सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधीच्या खुणेपलीकडे, म्हणजे पहाटे उशिरा येत असेल, तर आपली एकादशी दुसऱ्या दिवशी आहे का ते 'भागवत' हा शब्द शोधून पाहा. मग द्वादशीचे एकूण तास काढा, चाराने भागा, आणि द्वादशी लागल्याच्या वेळेत मिळवा. ही वेळ आणि पारण्याच्या दिवसाचा सूर्योदय, यांतली उशिराची ती आपली वेळ. ती सकाळी जमत असेल तर सकाळीच पारणे करा. द्वादशी संपायला तासाभराहून कमी असेल तर चूल पेटायची वाट पाहू नका, तीर्थ घ्या.

आणि आजारी माणूस, गरोदर बाई, लहान मूल, थकलेले आजी-आजोबा यांना शास्त्रानेच मोकळीक ठेवली आहे. दूध, फळे, एकवेळचे जेवण, जे झेपेल ते करावे. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निराहार राहूच नये, आणि औषधासाठी वेळ पाहत बसू नये. कडक उपास करून भजनाला बसता येत नसेल, तर तो उपास देवाच्या कामाचा नाही.

आपल्या दिंडीतल्या कितीतरी मायबहिणींनी अक्षरओळख नसताना ही वेळ सांभाळली. पहाटेचा काकडा, उगवता सूर्य आणि जोशीबुवांचा शब्द, एवढ्यावर. आपल्या हातात पंचांग आहे, घड्याळ आहे. पुढची द्वादशी येईल तेव्हा तीर्थाची बाटली आणि तुळशीचे पान आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा म्हणजे झाले.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!